दहावीनंतर पीयूसी सायन्स की डिप्लोमा: खानापूर तालुक्यातलं एक प्रकरण

खानापूर तालुक्यातल्या एका गावातला मुलगा. मराठी माध्यमातून एसएसएलसी, ६२५ पैकी ४७१ गुण, म्हणजे पंचाहत्तर टक्क्यांच्या किंचित वर. मराठीत १२५ पैकी १०८, समाजविज्ञानात ८२, कन्नडमध्ये ७८, विज्ञानात ७४, गणितात ७१ आणि इंग्रजीत ५८. वडील बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत मोल्डर, आई घरची भातशेती बघते, धाकटी बहीण सातवीत. निकालानंतर वडील त्याला घेऊन माझ्याकडे आले. मी पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रिकल विभागात शिकवायचो. आता निवृत्त आहे, पण ओळखीतले पालक या दिवसांत येऊन बसतात. मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. प्रश्न तसाच ठेवला आहे, कारण तो आमच्या भागातल्या पुष्कळ घरांत दर मे महिन्यात उभा राहतो.

वडील म्हणाले, "सर, पोरगं डिप्लोमा करतो म्हणतंय. हाताचं काम आवडतंय त्याला. त्याचा मामा म्हणतोय, एवढे मार्क पडलेत तर सायन्सला घाला, डिप्लोमा करून फिटरच होणार. मला ह्यातलं काय कळत नाही. आयटीआय केलं तरी चालतंय असं मला वाटत होतं."

म्हणजे घरात तीन मतं होती. मामांचं पीयूसी, म्हणजे कर्नाटकातली अकरावी-बारावी, वडिलांचं आयटीआय आणि मुलाचं डिप्लोमा. चौथं मत गडहिंग्लजच्या आत्यांचं. त्या म्हणत होत्या, सीमाभागातल्या मुलांना महाराष्ट्रात प्रवेश मिळतो, मग कोल्हापूरला का नको? एकेका मतामागं काहीतरी खरं होतं, म्हणून मी कुठलंच लगेच खोडलं नाही. आधी मुलाला विचारलं, हाताचं काम म्हणजे तू नेमकं काय करतोस?

हाताचं काम कसलं, हे आधी बघावं

हा मुलगा दोन उन्हाळी सुट्ट्या खानापुरातल्या एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जात होता. मलप्रभेच्या काठावरच्या ऊस-भाताच्या शेतांतल्या मोटरी जळून तिथं येतात. जळलेली तार कापून काढायची, वेढे मोजायचे, कुठल्या खाचेतून कुठल्या खाचेत कॉइल गेली ते वहीत लिहायचं, नवी तार फॉर्म्यावर गुंडाळायची, इन्सुलेशन पेपर घालून खाचेत बसवायची, मग वॉर्निश. सुरुवातीला त्याच्याकडं फक्त तार कापायचं काम होतं. दुसऱ्या सुट्टीत मिस्त्रींनी वही त्याच्याकडं दिली.

मी त्याला ती वही आणायला सांगितली. मार्कशीटपेक्षा मला तिच्यातून जास्त कळलं. तीन फेज, दोन पोल, २४ खाचांच्या मोटरीचा आराखडा त्यानं हातानं काढला होता. तीन रंगांची पेनं वापरली होती. बाजूला मराठीत लिहिलं होतं, "दर पोलला एका फेजच्या ४ खाचा." मी विचारलं, हे चार कुठून आले? तो म्हणाला, "२४ भागिले २, भागिले ३. मिस्त्रींनी नाही सांगितलं, तीन-चार मोटरींचं लिहिल्यावर कळलं."

मग मी त्याला एक प्रश्न दिला. मोटरीत १ मिलिमीटर व्यासाची तार आहे आणि दुकानात ती नाही. दोन बारीक तारा जोडून घालायच्या तर कितीच्या घ्यायच्या? त्यानं ताबडतोब सांगितलं, "०.७१ च्या दोन. मिस्त्रींकडं तक्ता आहे." मी म्हटलं, अर्धा आणि अर्धा मिळून एक होतं, मग ०.५ च्या दोन का नाहीत? तो गप्प झाला. वडिलांना वाटलं, पोरगं अडलं. मी म्हटलं, घरी जा, उद्या सांग.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच आला. त्यानं वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र घेतलं होतं. तारेतून वीज वाहते ती तिच्या छेदाच्या क्षेत्रफळातून आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतं. ०.५ चा वर्ग ०.२५, दोन तारा मिळून ०.५, म्हणजे तांबं निम्मंच भरलं. मोटर तापणार आणि पुन्हा जळणार. ०.७१ चा वर्ग साधारण ०.५, दोन मिळून १. हे त्यानं कुणाला न विचारता काढलं होतं, आणि त्या दिवशी माझं मत बरंचसं ठरलं.

हाताचं काम आवडतं असं सांगणारी सगळी मुलं एका प्रकारची नसतात. काहींना खरं तर पुस्तक नको असतं, म्हणून हत्यार जवळचं वाटतं. अशा मुलाला डिप्लोमात घातलं की पहिल्या सेमिस्टरलाच तो बिचारा अडकतो, कारण डिप्लोमात गणित आहे आणि भरपूर आहे. काहींना एकच काम पुन्हा पुन्हा करून त्यात सफाई आणायची असते. वेल्डिंगचा टाका एकसारखा येईपर्यंत ती उठत नाहीत. त्यांच्यासाठी आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड खरोखर चांगला आहे आणि पुढं डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची वाटही राहते. तिसरी मुलं काम करता करता "हे असंच का?" असं विचारतात आणि उत्तरासाठी कागद-पेन्सिल घ्यायला तयार असतात. डिप्लोमा ह्या तिसऱ्या मुलांसाठी रचलेला आहे. तक्ता हरवला तरी ज्याला ०.७१ काढता येतं, त्याला दुकान सुपरवायझर म्हणून ठेवतं.

वडिलांच्या आयटीआयच्या विचारावर मी एवढंच म्हटलं, की मुलगा फक्त तार गुंडाळण्यात रमला असता तर मीही इलेक्ट्रिशियन ट्रेडच सांगितला असता.

मामांचा मुद्दा: वर्षांचा हिशेब

मामा पुढच्या रविवारी स्वतः आले. त्यांचं म्हणणं साधं होतं. "इंजिनिअर व्हायचं तर पीयूसी, सीईटी, बीई. डिप्लोमा म्हणजे मधेच उतरणं." आमच्या भागात हा समज फार खोल आहे, म्हणून त्यांच्यासमोर कागदावर वर्षं मांडली.

पीयूसी सायन्स दोन वर्षं, बीई चार वर्षं, एकूण सहा. डिप्लोमा तीन वर्षं, त्यानंतर डीसीईटी ही डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा देऊन बीईच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश, म्हणजे तिथं तीन वर्षं. एकूण पुन्हा सहा. पदवी तीच, विद्यापीठ तेच. आपल्याच माच्छेजवळचं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, व्हीटीयू. फरक मधल्या थांब्याचा आहे. दोन वर्षांनंतर पीयूसीवाल्याच्या हातात बारावीचा निकाल असतो, त्यावर एकट्यावर तांत्रिक नोकरी लागत नाही. तीन वर्षांनंतर डिप्लोमावाल्याच्या हातात ज्युनिअर इंजिनिअरच्या पदासाठी चालणारं प्रमाणपत्र असतं.

मामांनी बरोबर प्रश्न विचारला. "आणि मधेच सुटलं तर?"

इथं पीयूसीची बाजू जड आहे आणि ते मी स्पष्ट सांगितलं. पीयूसी सायन्स पास झालेल्या मुलाला सगळी दारं उघडी राहतात. बीएस्सी, बीसीए, फार्मसी, शेतकी, नीट देऊन मेडिकल. इंजिनिअरिंगला सीईटीत नंबर लागला नाही तरी तो डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात येऊ शकतो. त्यात दोन अधिक दोन अशी चार वर्षं जातात, म्हणजे सरळ डिप्लोमापेक्षा एक वर्ष जास्त. उलट डिप्लोमा दुसऱ्या वर्षी अर्धवट सोडला तर नोकरीच्या अर्जावर पुन्हा दहावीच लिहावी लागते. डिप्लोमानंतर मेडिकलकडं वळता येत नाही. म्हणून ज्या मुलाचं मन अजून ठरलेलं नाही, किंवा ज्याला जीवशास्त्रही आवडतं, त्याला मी आजही पीयूसीच सांगतो. पंधराव्या वर्षी मन ठरलेलं नसणं यात काही वावगं नाही.

ह्या मुलाचं ठरलं होतं का? मी त्याला मामांसमोर विचारलं, तुला पीयूसीत काय करायला आवडणार नाही? तो म्हणाला, "केमिस्ट्री नको वाटते. आणि सगळे म्हणतात दोन वर्षं नुसतं सीईटीचं पाठ करायचं." हे उत्तर मला पुरेसं वाटलं नाही. नको असलेल्या गोष्टीपासून पळून घेतलेला निर्णय टिकत नाही. मग विचारलं, डिप्लोमात काय पाहिजे? तो थोडा थांबून म्हणाला, "मोटरीच्या पाटीवर लिहिलेलं असतं ना, हॉर्सपॉवर, अँपिअर, आरपीएम, पॉवर फॅक्टर. मला ते सगळं कळलं पाहिजे. पॉवर फॅक्टर मिस्त्रींनाही माहीत नाही." मामा हसले आणि त्यांचा सूर तिथून बदलला.

सीईटीचाही विचार केला. कर्नाटकात इंजिनिअरिंगची क्रमवारी सीईटीचे निम्मे आणि दुसऱ्या पीयूसीतल्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणिताचे निम्मे गुण धरून लागते. एसएसएलसीला गणितात ७१ आणि विज्ञानात ७४ घेणारा मुलगा मेहनतीनं पुढं जाऊ शकतो. पण बेळगावात क्लास लावायचा तर फी आणि रोजचा खानापूर-बेळगाव प्रवास. फाउंड्रीच्या पगारात दोन वर्षं तो खर्च काढणं आणि तरीही खाजगी कॉलेजचीच सीट हाती येणं, ही शक्यता वडिलांना माहीत असायला हवी होती. सरकारी पॉलिटेक्निकची वर्षाची फी काही हजारांत असते.

खरा अडथळा: इंग्रजी आणि पहिल्या वर्षाचं गणित

मला मामांच्या भीतीपेक्षा त्या ५८ गुणांची काळजी जास्त वाटत होती. मराठी माध्यमातली मुलं पहिल्या वर्षी मागं पडतात ती वर्कशॉपमध्ये नव्हे. पीयूसी सायन्स घेतलं तरी इंग्रजी चुकत नाही, पण तिथं जास्त वाचन असतं आणि परीक्षा वर्षाअखेर येते. डिप्लोमात सेमिस्टर आहे. मूल वर्गात रुळेपर्यंत पहिली चाचणी येऊन जाते.

गणितात मॅट्रिक्स, सरळ रेषा, ट्रिगोनॉमेट्री, डिफरन्सिएशन, इंटिग्रेशन असतं. दहावीला साइन-कॉस ९० अंशांपर्यंत शिकवतात. इथं ते पुढं जातात, १२० अंश, २४० अंश, दोन कोनांची बेरीज. विद्यार्थी विचारतो, हे कशाला? इलेक्ट्रिकलच्या मुलासाठी उत्तर त्याच्या दुकानातच आहे. ह्या मुलाला माहीत होतं, की दोन फेजमध्ये मीटर लावला की ४१५ व्होल्ट दाखवतो आणि फेज-न्यूट्रलमध्ये २४०. मग दोनदा २४० म्हणजे ४८० का नाही? कारण तिन्ही फेज एकमेकींपासून १२० अंशांनी सरकलेल्या असतात. त्यांची वजाबाकी साध्या अंकांची नसून कोनांची आहे. २४० ला ३ च्या वर्गमूळानं, म्हणजे १.७३२ नं गुणलं की ४१५ च्या आसपास येतं. हे मी त्याला आकृती काढून दाखवलं. तो आकृतीकडं बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे स्टार-डेल्टा स्टार्टर पण यानंच?" होय, यानंच. स्टारमध्ये जोडल्यावर प्रत्येक वाइंडिंगला ४१५ ऐवजी २४० मिळतात, म्हणून मोटर सुरू होताना कमी करंट ओढते.

इंग्रजीसाठी मी त्याला एका पंपाच्या माहितीपत्रकाचं एक पान दिलं आणि सांगितलं, अडलेल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मार. रेघा पुष्कळ होत्या. पण तांत्रिक शब्दांखाली एकही नव्हती. मोटर, शाफ्ट, बेअरिंग, इन्सुलेशन, कपलिंग हे सगळे दुकानात रोज कानावर पडणारे. अडत होते ते जोडणारे शब्द, "व्हेअरअ‍ॅज", "प्रोव्हायडेड दॅट", "इन ऑर्डर टू". डिप्लोमाच्या पुस्तकातले असे शब्द मोजकेच असतात आणि पुन्हा पुन्हा येतात. पहिल्या दोन महिन्यांत एक छोटी वही भरली की वाचन सुटं होतं. बोलणं मात्र वेगळं, ते पुढं अडलंच.

शाखा आणि संस्था

मुलगा इलेक्ट्रिकलकडं झुकलेला दिसत होता, तरी मी मेकॅनिकलचाही विचार करायला लावला, कारण वडील फाउंड्रीत आहेत आणि बेळगाव मुळात फाउंड्री, मशीनिंग आणि हायड्रॉलिक्सचं गाव. उद्यमबाग, माच्छे, नावगे, होनगा इथल्या कारखान्यांत आणि हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये मेकॅनिकलच्या डिप्लोमावाल्यांना काम आहे. धातूच्या कामाची ओढ असती तर मी पॉलिटेक्निकच्याही आधी उद्यमबागेतल्या जीटीटीसीचं, सरकारी टूल रूमचं नाव घेतलं असतं. तिथला टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा चार वर्षांचा आहे, तीन वर्षं तिथं आणि एक वर्ष कारखान्यात प्रशिक्षण. मुलं लेथ-मिलिंगवर तासन्‌तास उभी राहतात आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचं माप पाळायला शिकतात. हाताच्या कामाची आवड असलेल्या मुलाला एवढं मशीनवरचं काम आपल्या भागात इतर ठिकाणी क्वचितच मिळेल.

पण ह्या मुलाला धातू घासण्यापेक्षा "आत काय वाहतंय" यात रस होता. इलेक्ट्रिकलच्या बाजूनं आणखी एक व्यावहारिक गोष्ट होती. इलेक्ट्रिकल डिप्लोमानंतर अनुभवाची अट पूर्ण करून राज्याच्या विद्युत निरीक्षण खात्याकडून सुपरवायझरचं परमिट काढता येतं आणि पुढं कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्सही. गावातल्या मुलाला स्वतःच्या पायावर उभं राहायचं असेल तर याची किंमत मोठी आहे. हेस्कॉम आणि केपीटीसीएल ह्या राज्याच्या वीज कंपन्यांमध्ये ज्युनिअर इंजिनिअरच्या जागांना इलेक्ट्रिकल डिप्लोमा लागतो, रेल्वेतही ज्युनिअर इंजिनिअरला डिप्लोमा चालतो. राज्याच्या भरतीत कन्नड लिहिता-वाचता यावं लागतं. ह्या मुलाचे कन्नडचे ७८ गुण इथं कामाला येणार होते. मराठी घरातल्या मुलांनी कन्नडकडं फक्त पास होण्यापुरतं बघू नये असं मला मनापासून वाटतं. मराठी आपली आहेच, पण ज्या राज्यात मीटर बसवायचा आहे तिथली भाषा हातात असली पाहिजे.

आता आत्यांचं म्हणणं. ते खरं आहे. महाराष्ट्राच्या डिप्लोमा प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या, मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी पात्रता आहे. दहावी सीमाभागातल्या शाळेतून झाल्याचं आणि मातृभाषा मराठी असल्याचं प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यावं लागतं. निपाणीच्या मुलाला कोल्हापूर हाकेच्या अंतरावर आहे. तो सकाळच्या बसनं जाऊन संध्याकाळी परत येऊ शकतो. खानापूरच्या मुलाला तिथं राहावंच लागतं, हॉस्टेल किंवा खोली, दोन वेळचा डबा. ह्या घराला ते परवडणारं नव्हतं आणि शनिवार-रविवारी रिवाइंडिंगचं दुकान हातचं जाणार होतं. डिप्लोमा कुठल्याही राज्याचा असला तरी नोकरीला चालतो, म्हणून प्रश्न फक्त खर्चाचा आणि अंतराचा उरला. वडिलांनी तो बेळगावच्या बाजूनं सोडवला. हेच घर निपाणीत असतं तर मी कोल्हापूरचा अर्ज आधी भरायला सांगितला असता.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण दरवर्षी कुणीतरी त्यात अडकतंच. जात-उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून निकालाआधीच काढून ठेवावा. मराठा समाज कर्नाटकात ३ ब प्रवर्गात येतो. पहिली ते दहावी ग्रामीण भागात शिकल्याचा दाखला शाळेतून घेऊन त्यावर बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकारी कार्यालयाची सही लागते, आणि जूनमध्ये त्या कार्यालयात गर्दी उसळते. ह्या मुलाची पाचवीपर्यंतची शाळा वेगळी आणि हायस्कूल वेगळं, म्हणून दोन दाखले लागले. अर्ज भरताना इलेक्ट्रिकल पहिलं आणि मेकॅनिकल दुसरं असा क्रम लावला. पहिली पसंती मिळाली.

दोन वर्षांत काय झालं

पहिल्या सेमिस्टरच्या पहिल्या चाचणीत गणितात तो जवळजवळ कोरा राहिला. वडिलांना कळलं नव्हतं, कारण प्रॅक्टिकलचा जर्नल नीटनेटका होता आणि शिक्षक वर्कशॉपमध्ये त्याचं कौतुक करत होते. पालकांनी नेमकं इथं बघावं. प्रॅक्टिकलला पुढं आणि चाचणीला मागं असा मुलगा दिसला की थांबून विचारावं, तुला वर्गात काय कळत नाही? ह्याच्या बाबतीत उत्तर निघालं, ९० अंशांच्या पुढचे कोन. पुस्तकातला नियम त्यानं इंग्रजीत पाठ केला होता, तो उलटा बसला होता. एका सीनिअर मुलीनं त्याला वर्तुळ काढून चार भाग करायला शिकवलं, कुठल्या भागात कुठलं चिन्ह अधिक आणि कुठलं उणे. त्यानंतर रोज पाच गणितं, मराठीत पायऱ्या लिहून. सेमिस्टरला तो गणितात पास झाला, फार गुणांनी नव्हे, पण विषय मागं राहिला नाही. विषय मागं राहू न देणं हेच पहिल्या वर्षात महत्त्वाचं असतं, कारण पुढच्या सेमिस्टरचे विषय त्याच गणितावर उभे राहतात.

दुसरी अडचण तोंडी परीक्षेची. इंडक्शन मोटरचा प्रयोग त्यानं बॅचमध्ये सगळ्यांच्या आधी जोडला. परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, मोटर सुरू होताना करंट जास्त का असतो? त्याला उत्तर येत होतं, शब्द आले नाहीत. त्यानंतर त्यानं जर्नलच्या प्रत्येक प्रयोगाखाली स्वतःच्या इंग्रजीत तीन वाक्यं लिहायचं ठरवलं. काय जोडलं, काय दिसलं, तसं का झालं. ती तीन वाक्यं मोठ्यानं म्हणायची. तिसऱ्या सेमिस्टरपासून तोंडीचे गुण वर आले.

लॅबबद्दल पालकांना एक सांगायला हवं. चार-पाच मुलांच्या गटाला एक मशीन असतं. एकजण जोडतो, एकजण मीटर वाचतो, बाकीचे आकडे उतरवतात. हाताच्या कामाची आवड आहे म्हणून डिप्लोमा घेतला आणि तीन वर्षं आकडे उतरवले, असं झालेली मुलं मी पाहिली आहेत. हा मुलगा त्यातून वाचला, कारण शनिवारी तो दुकानात असायचा आणि वर्गात शिकलेलं तिथल्या मोटरींवर तपासायचा. मेगरनं इन्सुलेशन मोजायचं त्यानं कॉलेजात शिकून दुकानात सुरू केलं. मिस्त्री आधी दिवा लावून अर्थिंग बघायचे. आता मोटर ग्राहकाला देण्याआधी मेगरचं रीडिंग वहीत लिहिलं जातं.

सध्या चौथं सेमिस्टर झालं आहे आणि पुढचा निर्णय उभा आहे. डीसीईटी द्यायची की अप्रेंटिसशिप करून नोकरीला लागायचं. लॅटरल प्रवेशाच्या जागा मंजूर प्रवेशसंख्येच्या दहा टक्के जादा आणि दुसऱ्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या, एवढ्याच असतात. डिप्लोमात ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ४०. प्रवेश मिळाला तर व्हीटीयूत डिप्लोमाहून आलेल्यांना जादाचं गणितही पूर्ण करावं लागतं, आणि ते त्याला जड जाणार हे तोही जाणतो. दुसऱ्या बाजूला बहीण आता नववीत आहे आणि तीन वर्षांनी तिचाही खर्च येणार.

आम्ही तिघांनी बसून ठरवलं ते असं. डीसीईटीचा अभ्यास पाचव्या सेमिस्टरपासून करायचा, कारण त्यात जे विचारतात ते डिप्लोमाचंच आहे आणि वेगळ्या क्लासची गरज नाही. अर्जात फक्त बेळगावातली रोज जाऊन-येऊन करता येणारी कॉलेजं टाकायची. त्यातली सरकारी फीची सीट मिळाली तर बीई. नाही मिळाली तर खाजगी कोट्यात पैसे घालायचे नाहीत, वर्षभराची अप्रेंटिसशिप घ्यायची आणि परमिटसाठी लागणारा अनुभव जमा करायचा. मामांनी यावर एकच दुरुस्ती सुचवली, की अप्रेंटिसशिप मोटर बनवणाऱ्या किंवा पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात बघावी, नुसत्या देखभालीच्या कामात नको. ती दुरुस्ती बरोबर होती, आणि मुलानं ती वहीत लिहून घेतली.